‘लवकरच’ या शब्दाचा हिशेब

सदाशिव पेठेतील आमच्या भोजनालयाच्या मोरीचे पाणी खालच्या दुकानाच्या छतात झिरपू लागले, तेव्हा स्वयंपाकघराची फरशी उखडून वॉटरप्रूफिंग नव्याने करण्यावाचून पर्याय उरला नाही. पावसाळ्याआधी काम उरकावे म्हणून मे महिना ठरवला आणि २५ एप्रिलला सकाळी गल्ल्याशेजारी सूचना लावली : ‘नूतनीकरणासाठी ४ मेपासून बंद. लवकरच आपल्या सेवेत.’

रोज जेवायला येणाऱ्या एका निवृत्त काकांनी ती दोनदा वाचली, खिशातून कुपनांचे पुस्तक काढले आणि विचारले, “लवकरच म्हणजे कधी हो? बंद होईपर्यंत रोज जेवलो तरी माझी अकरा कुपने उरतात.” प्रत्येक कुपनामागे ‘तीस दिवसांत वापरावे’ हा आमचाच निळा शिक्का होता. म्हणजे आम्ही दार बंद ठेवणार आणि आगाऊ पैसे दिलेल्यांची जेवणे बुडणार! मला फार ओशाळल्यासारखे झाले.

दुपारी गवंड्याला बोलावले. तो म्हणाला, “साहेब, विसाव्या दिवशी चावी देतो.” दिवस मोजून पाहिल्यावर लक्षात आले, की पाण्याची चाचणी पहिल्याच फेरीत पार पडेल असे त्याने गृहीत धरले होते. कोबा घालून तो आठवडाभर पाण्याने भिजवल्यावर मोरीची जाळी बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी दोन दिवस साठवतात. त्यात गळती दिसली तर आणखी चार-पाच दिवस जातात, आणि लादी त्यानंतरच बसते.

म्हणून नव्या सूचनेत १ जून ही तारीख दिली आणि ती कायम आहे की नाही हे २३ मे रोजी दारावर लिहू, असे कळवले. तोपर्यंत चाचणीचा निकाल हाती येणार होता. शिल्लक कुपने जूनअखेरपर्यंत चालतील, नको असल्यास ३ मेपर्यंत गल्ल्यावर रोख परत मिळेल, हेही लिहिले. आणि नव्या कुपनांची विक्री त्याच क्षणी थांबवली. परीक्षेच्या तयारीसाठी आलेल्या मुलांपैकी बरेच जण मेमध्ये गावी जात नाहीत, त्यांच्यासाठी जवळच्या दोन खानावळींत आधी विचारून त्यांचे मासिक दर खाली नोंदवले.

चाचणी पहिल्या फेरीत फसली. उन्हाने किती पाणी आटते ते कळावे म्हणून शेजारी भरलेली बादली ठेवली होती. तिच्यातली पातळी जेमतेम हलली, पण भिंतीवरच्या पेन्सिलच्या रेघेपासून पाणी बोटभर उतरले होते आणि खालच्या छतावर नळीभोवती ओले कडे उमटले होते. स्लॅबमधून नळी जाते तो सांधा फोडून पुन्हा भरला, दुसऱ्यांदा पाणी टिकले, आणि २३ मे रोजी दारावर खडूने लिहिले : ‘१ जून कायम.’

१ जूनला पहिल्या पंगतीला काका होते. त्यांनी पुस्तकातून एक कुपन फाडून दिले. मी शिल्लक दहा अशी नोंद केली.