एकशे ऐंशी भागिले किती?

*"प्रश्नाचा फोटो पाठवलाय. चाचणी ९० टक्के रुग्ण बरोबर पकडते असं त्यात चक्क लिहिलंय. मग पॉझिटिव्ह आलेला माणूस आजारी असण्याची शक्यता ९० टक्केच ना? मागे उत्तर २३ टक्के दिलंय. ते चुकीचं छापलंय का?"*

छपाई बरोबर आहे. तो ९० टक्क्यांचा आकडा आजारी लोकांबद्दल बोलतो आणि प्रश्न विचारलाय पॉझिटिव्ह लोकांबद्दल. हे दोन वेगळे घोळके आहेत. त्यांच्यात काही माणसं सामाईक आहेत, एवढंच.

फोटो तिरका आलाय आणि वरची ओळ पानाच्या घडीत अर्धी गेलीय, म्हणून प्रश्न आधी सरळ उतरवून घेते. एका आजाराचं लोकसंख्येतलं प्रमाण २ टक्के. चाचणीची संवेदनशीलता, म्हणजे आजाऱ्यांना पॉझिटिव्ह ठरवण्याचं प्रमाण, ९० टक्के; विशिष्टता, म्हणजे निरोगी लोकांना निगेटिव्ह ठरवण्याचं प्रमाण, ९४ टक्के. कुठलीही निवड न लावता घेतलेल्या एका व्यक्तीचा अहवाल पॉझिटिव्ह आला, तर तिला आजार असण्याची संभाव्यता किती? पर्याय चार: ९४ टक्के, ९० टक्के, २३ टक्के, १.८ टक्के.

घडीत गेलेली ओळ नेमकी २ टक्क्यांची आहे. हे नेहमीचंच. चाचणीचे आकडे मोठे आणि ठसठशीत असतात, प्रमाणाची ओळ प्रस्तावनेसारखी वाटते, त्यामुळे फोटोत कापली जाते ती तीच. पण ती नसेल तर हा प्रश्न सुटत नाही. नुसत्या ९० आणि ९४ वरून उत्तर १ टक्का निघू शकतं, तसंच ९९ टक्केही.

आता सूत्र बाजूला ठेवा आणि माणसं मोजा. १०,००० जण घ्या. एवढे मोठे घेतले की अपूर्णांक उरत नाहीत. त्यातले २ टक्के, म्हणजे २०० जण आजारी. उरलेले ९,८०० निरोगी. २०० आजाऱ्यांपैकी ९० टक्के पकडले जातात: १८० पॉझिटिव्ह, २० सुटले. निरोगी लोकांपैकी ९४ टक्क्यांना चाचणी बरोबर 'निगेटिव्ह' म्हणते: ९,२१२. राहिलेले ५८८ निरोगी असूनही पॉझिटिव्ह ठरतात.

| | पॉझिटिव्ह | निगेटिव्ह | एकूण |
|---|---|---|---|
| आजारी | १८० | २० | २०० |
| निरोगी | ५८८ | ९,२१२ | ९,८०० |
| एकूण | ७६८ | ९,२३२ | १०,००० |

तक्ता भरला ओळीने, पण प्रश्नाचं उत्तर वाचायचं रकान्यातून. पॉझिटिव्ह रकान्यात ७६८ माणसं आहेत, त्यातली १८० खरोखर आजारी. १८० भागिले ७६८ म्हणजे ०.२३४. झालं तुमचं २३ टक्के.

आता चारही पर्याय तक्त्यावर ठेवून बघा, प्रश्न काढणाऱ्याचा डाव कळेल. १८० ला २०० ने भागलं की ९० टक्के: आजाऱ्यांपैकी किती पॉझिटिव्ह. त्याच १८० ला १०,००० ने भागलं की १.८ टक्के: सगळ्यांमधून आजारीही आणि पॉझिटिव्हही असे किती. ७६८ ने भागलं की २३ टक्के. अंश तिन्हीकडे तोच, छेद तेवढा बदलतो. ९४ चा पर्याय मात्र निरोगी लोकांच्या ओळीतून येतो, ९,२१२ भागिले ९,८००, आणि त्यात पॉझिटिव्ह माणूस एकही नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना आकडेमोडीच्या आधी एकच गोष्ट लिहायला सांगते: 'कोणांपैकी?' प्रश्नात 'पॉझिटिव्ह आला, तर' असं आहे ना? मग छेदात फक्त पॉझिटिव्ह.

सूत्रात D म्हणजे आजार असणं, + म्हणजे अहवाल पॉझिटिव्ह येणं आणि P म्हणजे संभाव्यता. तसं लिहायचं तर दिलेलं आहे `P(+|D)` आणि हवं आहे `P(D|+)`. उभ्या रेघेच्या उजवीकडे जे असेल तो छेदातला घोळका. बेजच्या प्रमेयाने हीच उलटापालट करतात:

`P(D|+) = (0.90 × 0.02) / (0.90 × 0.02 + 0.06 × 0.98)`

वरचं ०.०१८ म्हणजे तक्त्यातले १८०, आणि छेदातलं ०.०५८८ म्हणजे ५८८. प्रमेय आणि तक्ता एकच काम करतात. पण सूत्र चुकलं तर ते गप्प बसतं, तक्ता ओरडतो.

तुमच्या फोटोत खाली पेन्सिलने केलेली आकडेमोड दिसतेय, त्यात हेच झालंय. छेदात ०.०६ च्या जागी ०.९४ बसवलंय, कारण प्रश्नात विशिष्टता दिलीय आणि हाताला तोच आकडा सापडला. उत्तर आलं १.९ टक्के. दिसायला ते अगदी वावगं नाही, शेजारी १.८ चा पर्यायही बसलाय, त्यामुळे 'जवळपास आलं' म्हणून खूण करायचा मोह होतो. तीच चूक तक्त्यात करून बघा: निरोगी ओळीत पॉझिटिव्ह खाली ९,२१२ लिहावे लागतील. म्हणजे ही चाचणी जवळजवळ प्रत्येक निरोगी माणसाला आजारी ठरवते! तिथे हात आपोआप थांबतो.

फोटोपुरती आणखी एक बारीक गोष्ट. पूरक घटनेसाठी, म्हणजे आजार नसण्यासाठी, D च्या डोक्यावर आडवी रेघ असते. मंद उजेडात काढलेल्या फोटोत ती उडते, आणि `P(+|D)` एकदा ०.९० तर एकदा ०.०६ असं वाचायला मिळतं. एकाच चिन्हाच्या दोन किमती दिसल्या की कुठेतरी रेघ गेलीय असं समजा आणि मूळ पान बघा. दशांश चिन्हाचंही तसंच. ०.२ टक्के आणि २ टक्के यांत इथे उत्तर कुठल्या कुठे जातं: ०.२ धरलं तर १०,००० मध्ये आजारी फक्त २०, त्यातले १८ पॉझिटिव्ह, आणि निरोगी पॉझिटिव्ह जवळपास ५९९. उत्तर तीन टक्के.

तक्ता करणाऱ्यांचीही एक ठरलेली फसगत आहे. सोपं पडतं म्हणून १०० आजारी आणि १०० निरोगी घेतात. मग पॉझिटिव्ह येतात ९० आणि ६, आणि उत्तर ९० भागिले ९६, म्हणजे जवळजवळ ९४ टक्के. योगायोगाने तोही पर्याय समोर छापलेला! तक्ता नीटनेटका दिसतो, बेरजा जुळतात, तरी उत्तर साफ चूक. कारण दोन्ही ओळी सारख्या केल्या तिथेच २ टक्के पुसले गेले, आणि आजाराचं प्रमाण गुपचूप ५० टक्के झालं. 'नैसर्गिक वारंवारता' म्हणतात ती याचसाठी: आधी एकच मोठा जमाव घ्यायचा आणि तो आजाराच्या प्रमाणात फुटू द्यायचा. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर आणि उलरिख हॉफ्राग यांनी १९९५ मध्ये ही मांडणी प्रयोगांतून तपासली होती. टक्क्यांत दिलेला प्रश्न असा माणसांच्या संख्येत दिला की बरोबर उत्तरं देणाऱ्यांचं प्रमाण चांगलंच वाढतं.

ही फसगत परीक्षेपुरती नाही. नवी चाचणी तपासताना संशोधक बरेचदा ठरवून काही आजारी आणि काही निरोगी लोक निवडतात. तशा तक्त्यातून संवेदनशीलता आणि विशिष्टता खुशाल काढा, त्या ओळीतल्या ओळीत निघतात. पॉझिटिव्हचा रकाना मात्र तिथे वाचायचा नाही. त्यात किती आजारी दिसतील हे संशोधकाने किती आजारी जमवले त्यावर ठरलेलं असतं.

आणि हा गोंधळ फक्त तुमचा आहे असंही नाही. १९७८ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या रुग्णालयांतल्या ६० जणांना, म्हणजे डॉक्टरांना आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना, असाच प्रश्न विचारला गेला. आजार हजारात एकाला, आणि निरोगी माणूस पॉझिटिव्ह ठरण्याचं प्रमाण ५ टक्के. २७ जणांनी ९५ टक्के असं उत्तर दिलं. बरोबर उत्तर, साधारण २ टक्के, फक्त ११ जणांचं आलं. गंमत म्हणजे त्या प्रश्नातही एक आकडा गाळलेला होता. संवेदनशीलता दिलेलीच नव्हती, ती १०० टक्के धरावी लागते. तरी फारसं बिघडत नाही. हजारातला तो एक सापडला काय नि हुकला काय, समोर सुमारे ५० निरोगी पॉझिटिव्ह उभे असतातच. गाळायचा तर कुठला आकडा चालतो आणि कुठला नाही, हे तक्त्यात लगेच दिसतं.

यानंतर तुम्ही विचारणार, की मग डॉक्टर अशी चाचणी सांगतात तरी कशाला, चारातले तीन पॉझिटिव्ह खोटेच निघणार असतील तर? प्रश्नातला 'कुठलीही निवड न लावता' हा भाग पुन्हा वाचा. डॉक्टरांसमोरचा माणूस तसा आलेला नसतो, काहीतरी होतंय म्हणून आलेला असतो. समजा, तशी लक्षणं असलेल्यांत या आजाराचं प्रमाण ३० टक्के आहे. चाचणी तीच, ९० आणि ९४. १०,००० पैकी आजारी ३,०००, त्यातले २,७०० पॉझिटिव्ह. निरोगी ७,०००, त्यातले ४२० पॉझिटिव्ह. २,७०० भागिले ३,१२० म्हणजे जवळपास ८७ टक्के. निगेटिव्हचा रकाना मात्र उलटा सरकतो. पहिल्या जमावात ९,२३२ निगेटिव्हांमध्ये २० आजारी लपलेले होते, हजारी दोन. इथे ६,८८० निगेटिव्हांमध्ये ३०० आहेत, म्हणजे शंभरात चारांहून जास्त. लक्षणं ठळक असताना अहवाल निगेटिव्ह आला तरी डॉक्टर पुढची तपासणी लिहून देतात, ते या ३०० जणांसाठी.