आजीच्या पांढऱ्या केसांभोवतीची कड: निळा चॅनल कामी आला

फोटो डिसेंबरातला. आजी न्हाऊन धुऱ्याजवळ बाजेवर केस वाळवत बसली होती, मागे फुलावर आलेली तूर आणि तिरपं ऊन पाठीमागून. पांढरे मोकळे केस उन्हात नुसते चमकत होते. मी फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये, म्हणजे मागचं धूसर करणाऱ्या मोडमध्ये, फोटो घेतला. लहान स्क्रीनवर झकास वाटला. लॅपटॉपवर मोठा करून आजीला दाखवला तर ती म्हणाली, "काहून बावा, माह्या डोक्याभोवती हे कायचं?"

तिला दिसलं ते खरंच होतं. डोक्याभोवती साधारण 30 पिक्सेल रुंदीचा पट्टा होता आणि त्या पट्ट्यातली तूर अजिबात धूसर झालेली नव्हती. कानाजवळ तुरीचं एक पिवळं फूल पाकळ्यांसकट स्पष्ट, आणि त्याच्याच शेजारचं फूल मऊ पिवळा गोळा. दुसरीकडे, पट्ट्याच्या बाहेर गेलेल्या केसांच्या बटा मध्येच विरून गेल्या होत्या. म्हणजे चूक एक नाही, दोन: कुठे मागचं जास्त राहिलं, कुठे केस कमी राहिले.

कारण सोपं आहे. फोन आधी अंतराचा एक नकाशा बनवतो, म्हणजे कुठला भाग जवळचा आणि कुठला लांबचा, आणि त्यावरून धूसरपणा ठरवतो. हा नकाशा फोटोपेक्षा बराच लहान असतो. समजा फोटो 4000 पिक्सेल रुंद आहे आणि नकाशा 500, तर नकाशाचा एक ठिपका फोटोतले 8 पिक्सेल व्यापतो. आजीचा एक केस माझ्या फोटोत जेमतेम 2 पिक्सेलचा. त्या नकाशाला सुटा केस कळणारच नाही, त्याला कळतो फक्त डोक्याचा ढोबळ गोल.

पहिल्या तीन संध्याकाळी मी चुकीच्या बाजूने लागलो होतो. GIMP या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये धूसर करायचा ब्रश घेऊन तो पट्टा पुसत बसलो. पट्टा गेला, पण केसांची टोकंही त्याच्याबरोबर गेली आणि डोकं टोप घातल्यासारखं दिसायला लागलं. धूसर फोटोतून केस परत काढता येत नाहीत, कारण ते तिथे उरलेलेच नसतात. ते दुसरीकडून आणावे लागतात.

ते मिळाले फोनच्याच गॅलरीत. माझ्या फोनमध्ये पोर्ट्रेट फोटो एडिटला घेतला की धूसरपणाची पट्टी शून्यावर नेता येते. तसा नेऊन वेगळी प्रत साठवली. काही फोन साधा फोटो आपणहून बाजूला ठेवतात, तो आधी शोधा. मात्र मेसेजवर आलेल्या फोटोत ही सोय नसते. त्यात एकच चपटं चित्र येतं आणि तिथे कड मऊ करण्यापलीकडे फार काही होत नाही.

मग मांडणी अशी केली. खालच्या लेयरवर फोनने धूसर केलेला फोटो, वर साधा स्पष्ट फोटो. दोन्ही तंतोतंत जुळतात का हे पाहायला वरच्या लेयरचा मोड Difference केला. जिथे जुळतं तिथे काळं दिसतं. बाजेची सुंभं आणि चेहरा काळा झाला, म्हणजे जुळणी नीट. चेहऱ्यावर राखाडी सावटं दिसली तर फोनने त्वचाही गुळगुळीत केली आहे असं समजा, मग चेहरा साध्या फोटोतलाच घ्या.

आता खालच्या लेयरचं काम. वरच्या लेयरचा मोड परत Normal केला, तो लेयर लपवला आणि Clone ने पट्ट्याबाहेरची धूसर तूर उचलली, साधारण 150 पिक्सेल लांबून, आणि पट्ट्यावर व केसांच्या आतपर्यंत भरत गेलो. खालच्या फोटोत आजीचे अर्धे केस तुरीखाली झाकले गेले की बरोबर चाललंय. ते दिसायला विचित्र आहे, पण वरून खरे केस येणार आहेत. केसांचा थोडासा पांढरेपणा खाली राहिला तर नंतर डोक्याभोवती दुधाळ वलय दिसतं, म्हणून इथे कंजुषी नको.

खरी मजा वरच्या लेयरच्या मास्कमध्ये आहे: मास्क पांढरा तिथे वरचा लेयर दिसतो, काळा तिथे खालचा. हाताने केस रंगवायचे नाहीत, फोटोतूनच काढायचे. फोटोचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनलमधून बनतो, ते आधी मी वेगवेगळे उघडून पाहिले. लालमध्ये पिवळी फुलं केसांइतकीच उजळ. हिरव्यात पानंही उजळ. निळ्यात मात्र हिरवी पानं आणि पिवळी फुलं दोन्ही जवळजवळ काळी पडली, आणि पांढरा केस तेवढा लख्ख उरला. पिवळ्यात निळा जवळपास नसतो, पांढऱ्यात पुरेपूर असतो, एवढाच हिशेब. 400 टक्क्यांवर पाहिलं तेव्हा कानामागून निघून खांद्याकडे वळलेला एकटा केस टोकापर्यंत सलग दिसला.

साध्या लेयरची नक्कल करून `Colors > Components > Extract Component` मध्ये `RGB Blue` निवडलं. मग Levels मध्ये काळं टोक 70 वर आणि पांढरं 170 वर आणलं. तुमच्या फोटोत आकडे वेगळे येतील. खूण अशी की तूर पूर्ण काळी व्हावी पण केसांची टोकं राखाडी राहावीत. टोकंही पांढरी केलीत तर केस तारेसारखे जाड दिसतात. हे चित्र कॉपी करून स्पष्ट लेयरच्या मास्कमध्ये चिकटवलं, आणि चेहरा, लुगडं, बाज असा आतला सगळा भाग ब्रशने पांढरा भरला. ब्रश केसांच्या मुळाशी थांबवायचा.

एक अडचण आली. मास्कमध्ये बारीक चौकोनी खडबडीतपणा होता. जेपीईजी रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवतं आणि निळ्यात दाणाही जास्त असतो, त्यामुळे असं होतं. मास्कला 0.8 चा Gaussian Blur दिला आणि ते बसलं. 2 दिला तर कड पुन्हा धुकट होते, हेही करून पाहिलं.

केसांच्या कडांना तुरीचा हिरवा रंग लागलेला होता. तो मी काढला नाही. खालीही तीच तूर, तोच हिरवा आहे, म्हणून तो शोभतो. दुसरीच पार्श्वभूमी लावणाऱ्याला तो धुवावा लागेल.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मान आणि सुट्या केसांच्या मधल्या खिडकीने. बोटाच्या पेराएवढी ती फट, आणि फोनने ती डोक्याचाच भाग धरलेली. तिथून तुरीची दोन पानं कोरल्यासारखी दिसत होती. बाकी सगळं साफ झाल्यावर नजर नेमकी तिथेच जायची. खालच्या लेयरवर फट भरली, मास्कमध्ये तिथे काळं केलं, आणि फटीला आडवे गेलेले तीन केस निळ्या चॅनलमधून परत आले.

शेवटी खालच्या लेयरला अगदी हलका RGB Noise. धूसर भाग फार गुळगुळीत असतो, केसांत दाणा असतो, त्यामुळे केस वरून चिकटवल्यासारखे वाटत होते.

उरला होता वरचा डावा कोपरा, जिथे तुरीच्या शेंड्यावर आभाळ डोकावतं. निळ्या चॅनलमध्ये आभाळही पांढरं, केसही पांढरे, सगळं एक झालेलं. काल तेवढ्या कोपऱ्यासाठी लाल चॅनल घेतला. निळ्या आभाळात लाल कमी, त्यामुळे ते गडद झालं आणि केस वर आले. वरचे सहा केस छान सुटले. खाली तुरीच्या शेंड्यांलगत आभाळ धुळीने पांढुरकं आहे, तिथले दोन अजून विरतात. ते आज रात्री हाताने, 2 पिक्सेलच्या ब्रशने काढून पाहणार आहे.