टॉवर उतरवण्याची तरतूद: वाळव्यातल्या एका साइटचा हिशोब

वाळवा तालुक्यातल्या उसाच्या रानात उभा राहिलेला 40 मीटरचा टॉवर, भाडेकरार 10 वर्षांचा. करारातलं कलम साधं होतं: मुदत संपली की टॉवर उतरवायचा, फाउंडेशन तीन फूट खोलीपर्यंत तोडायचं आणि नांगर फिरेल अशी जमीन परत द्यायची. टॉवर उभा राहतो त्या दिवशीच हे देणं अंगावर येतं. खर्च दहा वर्षांनी होणार म्हणून तेव्हा बघू, असं इंड एएस 37 हे लेखामानक चालू देत नाही.

सुरुवात मी आजच्या भावाने केली. टॉवर उतरवण्याची मजुरी 80,000, क्रेन आणि वाहतूक 45,000, फाउंडेशन तोडून राडारोडा उचलणं 55,000 आणि खड्ड्यात माती भरणं 20,000. एकूण 2,00,000. माती भरण्याचा आकडा बहुतेक अंदाजांत राहूनच जातो, आणि रानमालक नेमका त्यावरच अडतो.

मग महागाई वर्षाला 5 टक्के आणि पुढची रक्कम आजच्या किमतीत आणायचा दर, म्हणजे डिस्काउंट रेट, 8 टक्के, करपूर्व, असे धरले:

```
=200000*1.05^10/1.08^10
```

दहाव्या वर्षाअखेरचा खर्च 3,25,779 आणि त्याची आजची किंमत 1,50,899. सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. आजच्या भावाचे दोन लाख घेऊन महागाई न लावता थेट 8 टक्क्यांनी मागे आणले, तर उत्तर 92,639 येतं. 8 टक्क्यांत महागाई आधीच धरलेली असते, म्हणून खर्चाच्या आकड्यातही ती हवी.

पहिली नोंद: टॉवर मालमत्ता नावे 1,50,899, तरतूद जमा 1,50,899. मालमत्तेत गेलेली रक्कम दहा वर्षांत घसाऱ्याने उतरते, वर्षाला 15,090. तरतूद मात्र दरवर्षी वाढते. पहिल्या वर्षी 12,072, दुसऱ्या वर्षी 13,038, तिसऱ्या वर्षी 14,081. हेच अनवाइंडिंग. दर तोच, पण आधीची वाढ मुद्दलात मिळते म्हणून आकडा चढत जातो. ही रक्कम फायनान्स कॉस्टमध्ये जाते. ती घसाऱ्यात टाकली की नफा तोच राहतो, पण व्याज आणि कराआधीचा नफा, म्हणजे ईबीआयटी, कमी दिसतो. आणि कर्जावरचं व्याज काही वेळा मालमत्तेच्या किमतीत घालता येतं, तशी ही रक्कम घालता येत नाही.

टॉवर 1 ऑक्टोबरला उभा राहिला तर पहिल्या मार्चपर्यंत सहा महिनेच होतात. सरळ 4 टक्के लावले तर 6,036 येतात, चक्रवाढीने मोजले तर 5,920. फरक 116 रुपयांचा, एका साइटला नगण्य. पण शेकडो साइट असल्या की ऑडिटर विचारतोच. म्हणून मार्चअखेर मी उरलेल्या मुदतीवरून आजची किंमत नव्याने काढतो आणि ती लेजरच्या बाकीशी जुळते का ते पाहतो. जुळली नाही तर दर, तारीख किंवा मुदत यांपैकी काहीतरी चुकलेलं असतं.

तिसऱ्या वर्षाअखेर तरतूद 1,90,090 होती आणि दर 7 टक्क्यांवर आला. 3,25,779 सात वर्षं मागे आणले की 2,02,879. वाढलेले 12,789 नफा-तोट्यात जात नाहीत, ते टॉवरच्या किमतीत घालायचे. मालमत्तेतले 1,05,629 उरले होते, ते 1,18,418 झाले. पुढच्या सात वर्षांचा घसारा वर्षाला 16,917. चौथ्या वर्षाचं अनवाइंडिंग नव्या बाकीवर नव्या दराने, म्हणजे 14,202. जुन्या शीटमध्ये 8 टक्के तसेच राहून जाणं ही नेहमीची गफलत.

भंगाराचा वाद प्रत्येक वेळी होतो. लोखंड पाच टन आणि किलोला 30 रुपये धरले तरी दीड लाख येतात, मग तरतूद कशाला, असं साइटवरचे लोक विचारतात. प्रश्न रास्त वाटतो, पण भंगाराची अपेक्षित रक्कम तरतुदीतून वजा करता येत नाही. ती टॉवरच्या अवशिष्ट मूल्यात धरायची, म्हणजे टॉवरचा घसारा तेवढा कमी होतो.

दहाव्या वर्षी बाकी 3,25,779 वर येऊन थांबते. प्रत्यक्ष बिल समजा 3,40,000 आलं, तर तरतूद नावे टाकून वरचे 14,221 त्या वर्षाच्या खर्चात घ्यायचे. बिल पाहून अख्खी रक्कम दुरुस्ती खात्यात टाकली, तर तोच खर्च दुसऱ्यांदा लागतो आणि टॉवर रानात नसतानाही तरतूद ताळेबंदात उभीच राहते.