शंभरीचा लोगो आणि चौदा वर्षांचं अंतर

त्या दिवशी मी दप्तराच्या खोलीत गेले होते ती फक्त एक फोटो शोधायला. वजनकाटे बनवणारी कंपनी, तिसरी पिढी कारभार बघतेय, आठ महिन्यांनी शंभरी. ब्रँडचं काम आमच्याकडे होतं. लोगोखाली सोनेरी "१००", खोक्यावर मातकट रंगात संस्थापकांचं छायाचित्र, आणि "शतकाचा विश्वास" ही ओळ, असं सगळं जवळपास ठरलं होतं. सोनेरी खोक्यांचा पहिला लॉट छापूनही आला होता. हवा होता तो संस्थापकांचा जरा तरुणपणीचा फोटो.

मला ही मांडणी आवडत नव्हती, पण कारण नीट सांगता येत नव्हतं. फक्त एक खूण दिसली होती. आधीच्या आठवड्यात आम्ही तीस ग्राहकांना तो नमुना दाखवला होता आणि बोलणी रेकॉर्ड केली होती. ती ऐकताना मला एक सवय आहे: लोक कंपनीविषयी कुठल्या काळात बोलतात ते मी मोजते. "चांगले काटे आहेत" म्हणतात की "चांगले काटे होते"? जुना खोका दाखवला की "आहेत" आणि नवा सोनेरी खोका दाखवला की "होते", असं बऱ्याच जणांचं झालं होतं. एका बाईंनी तर "छान आहे हो, पण ही कंपनी अजून चालू आहे का?" असं विचारलं. तीस माणसांवरून टक्केवारी काढत बसण्यात अर्थ नसतो. पण आपली जाहिरात बघून माणूस श्रद्धांजलीच्या सुरात बोलायला लागला, तर तेवढं पुरेसं असतं.

दप्तर सांभाळणारे काका निवृत्तीनंतरही रोज अर्धा दिवस येत. त्यांनी फोटोंची पेटी काढली, आणि सोबत दोन स्मरणिका ठेवल्या. एक रौप्यमहोत्सवाची, एक सुवर्णमहोत्सवाची. मी सहज दोन्हीवरची सालं बघितली, मग पुन्हा बघितली. दोन महोत्सवांत अंतर होतं चौदा वर्षांचं.

"काका, पंचविशी आणि पन्नाशी यांत चौदाच वर्षं कशी?"

काका चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "विचाराल कधीतरी कोणी, असं वाटलंच होतं."

गोष्ट अशी होती. कंपनीच्या नोंदणीचा कागद रौप्यमहोत्सवाशी बरोबर जुळत होता. सुवर्णमहोत्सवाच्या वेळी मात्र संस्थापक फार आजारी होते आणि मुलांना तो सोहळा त्यांच्या डोळ्यांदेखत करायचा होता. म्हणून मोजणी मागे नेली, ते दुसऱ्याच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागले त्या वर्षापर्यंत. वडिलांसाठी केलेली गोष्ट, कोणाला फसवायला नाही. पण पुढे तेच साल पाटीवर, बिलावर, शेवटी लोगोत गेलं. म्हणजे कंपनी शंभरची नव्हती. एकोणनव्वदची होती.

मी तडक एमडी मॅडमकडे गेले. मार्केटिंगप्रमुखही तिथेच होते. त्यांचं पहिलं म्हणणं अपेक्षितच होतं: "कोण तपासायला येतंय?" त्यावर मी हॉलिस्टरचं उदाहरण दिलं. त्या कपड्यांच्या ब्रँडने १९२२ हे साल मिरवलं, पण पहिलं दुकान उघडलं २००० मध्ये. समुद्रकिनाऱ्याची हवा विकणाऱ्या टीशर्टाला असली दंतकथा पचून जाते. आपण विकतो अचूकता. काटेवाल्याची स्वतःच्या वयातच अकरा वर्षांची चूक निघाली, तर पुढचं कोण ऐकेल? शिवाय दोन्ही स्मरणिका जुन्या वितरकांच्या कपाटात असणारच.

मॅडम बराच वेळ गप्प होत्या. आजोबांचा विषय होता. मग म्हणाल्या, "साल काढा. पण मग उरतं काय?"

हा प्रश्न मला तोवर कोणी विचारलाच नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला नीट विचारला नव्हता. इतिहास म्हटला की आम्ही सगळे सालावर आणि फोटोवरच जाऊन बसतो. दोन्ही गोष्टी फुकट मिळतात आणि दोन्ही फक्त एवढंच सांगतात की वेळ गेला.

मी खोलीत परत आले. काकांना म्हटलं, इथे असं काय आहे जे तेव्हाही करत होतात आणि आजही खाली शॉपफ्लोअरवर करता? काकांनी स्मरणिका बाजूला सारल्या आणि तपासणीची वही काढली.

जाड पुठ्ठ्याची लांब वही. प्रत्येक काट्याचा क्रमांक, आणि पुढे आकड्यांचे दोन रकाने, दोन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. प्रत्येक पानाला मधोमध उभी घडी पडलेली. मला वाटलं वही दुमडून ठेवली असेल. काका म्हणाले, नाही, घडी मुद्दाम घातलेली आहे. पहिल्या माणसाने तपासून आकडा लिहायचा, पान दुमडायचं, आणि मग दुसऱ्याने पहिल्याचा आकडा न बघता तोच काटा पुन्हा तपासायचा. तेव्हा दोन पारड्यांचे काटे असत. दांडीची एक बाजू केसभर जरी लांब असली तरी काटा खोटं बोलतो, आणि एकाच बाजूने तोलून ते कळत नाही. म्हणून दुसरा माणूस पारड्यांतला माल आणि वजनं यांची अदलाबदल करून तोलत असे. दोन्ही आकडे ठरलेल्या मर्यादेत जुळले तर काटा बाहेर, नाही तर परत बाकावर.

मी त्यांच्याबरोबर खाली गेले. आता इलेक्ट्रॉनिक काटे, दांडी नाही, पारडी नाहीत, आत लोड सेल. एक मुलगी काट्याच्या क्षमतेच्या साधारण एक तृतीयांश वजन घेऊन ते तबकाच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीने ठेवत होती. कुठेही ठेवलं तरी आकडा तोच यायला हवा. चौथ्या कोपऱ्यात किंचित फरक आला, तिने काटा बाजूला ठेवला. पुढच्या टेबलावर दुसरा माणूस हीच तपासणी पुन्हा करत होता आणि त्याच्या पडद्यावर तिचे आकडे दिसत नव्हते. सॉफ्टवेअर झाकून ठेवतं. मी विचारलं, हे असं का? तो म्हणाला, "पहिल्यापासून असंच आहे." त्याला घडीची वही माहीतही नव्हती.

दिवसभरात पहिल्यांदाच मला हातात काहीतरी लागल्यासारखं वाटलं. वस्तू पूर्ण बदलली, तपासायची रीत बदलली, पण दुसऱ्या माणसाने पहिल्याचं उत्तर न बघता तपासायचं हे बदललं नव्हतं. लेगोचं असंच आहे. १९५८ ची वीट आजच्या विटेत घट्ट बसते, आणि ते मुलाच्या हातात कळतं, त्यासाठी जुना फोटो लागत नाही. उलट फोक्सवॅगनने १९९० च्या दशकाच्या शेवटी नवी बीटल आणली ती जुन्या बीटलच्या आकाराची आठवण म्हणून, जुन्या बीटलचं यंत्र म्हणून नव्हे. जुन्याचं इंजिन मागे, नवीचं पुढे. गाडी खपली, पण आठवणीला पुढे कुठे नेणार? माझ्या मते तिथेच ती अडकली. २०१९ मध्ये उत्पादन थांबलं. पोर्शची ९११ मात्र १९६० च्या दशकापासून पिढ्यामागून पिढ्या चालूच आहे, इंजिन अजून मागेच.

मला लगेच ओळ सुचली: "एकोणनव्वद वर्षं, प्रत्येक काटा दोनदा तोललेला." फार खूश होते मी. पण सालाने हात पोळलेला होता, म्हणून काकांना म्हटलं, सगळ्या वह्या काढा.

संध्याकाळपर्यंत आम्ही पानं उलटत होतो. मधल्या एका काळातल्या वह्या हातात आल्या आणि पानं सपाट लागली. घडी नाही. दोन्ही रकान्यांत शाई एकच, आणि दुसऱ्या रकान्याचे आकडे पहिल्याशी शेवटच्या घरापर्यंत जुळणारे. खऱ्या दोन तपासण्यांत असं ओळीने कधीच होत नाही, थोडा फरक राहतोच. म्हणजे जवळजवळ तीन वर्षं कोणीतरी नुसतं उतरवून काढत होतं. काकांना माहीत होतं. मागणी वाढली होती, माणसं कमी होती. मग परत आलेल्या काट्यांचा ढीग लागला तेव्हा घडी पुन्हा सुरू झाली.

मार्केटिंगप्रमुख म्हणाले, एवढं कोण बघतं, "प्रत्येक" शब्द काढला की झालं. त्यांचं अर्धं बरोबर होतं. मी "प्रत्येक" ठेवला आणि वर्षं काढली. प्रत्येक खोक्यावर शेवटी गेलं ते वर्तमानकाळात: "हा काटा दोघांनी वेगवेगळा तपासला आहे." खाली त्या काट्याचा क्रमांक आणि दोन तपासण्यांचे दोन आकडे, छोटा फरक दिसू देऊन. हेच सगळ्यात वादाचं ठरलं. दोन आकडे वेगळे छापले तर ग्राहक घाबरेल, असं विक्रीवाल्यांचं म्हणणं. त्यांची भीती खोटी नव्हती. पहिल्या चाचणीत काहींनी खरंच विचारलं की यातला खरा कुठला. मग फरक किती चालतो ती मर्यादा शेजारी छापली, तेव्हा प्रश्न थांबले.

इतिहास खोक्यावरून पूर्ण गेला नाही. घडीची खूण, म्हणजे एक उभी रेघ आणि दोन्ही बाजूंना एकेक रकाना, ही लोगोशेजारची खूण झाली. जुनी नक्षीदार अक्षरं, मातकट रंग, फोटो, सगळं गेलं. ज्याला रेघेचं कारण हवं असेल त्याच्यासाठी कंपनीच्या माहितीपत्रकात वहीच्या पानाचा फोटो आहे, आणि त्याच्याखाली सपाट पानांच्या तीन वर्षांचाही उल्लेख आहे. तो ठेवायचा की नाही यावर दोन बैठका झाल्या. मॅडमनी ठेवला. संस्थापकांचा मोठा फोटो स्वागतकक्षात आहे तसाच आहे. त्याला हात लावायचं कोणी सुचवलंही नाही.

याचा विक्रीवर काय परिणाम झाला ते वेगळं काढता येणार नाही, कारण त्याच वेळी दोन नवी मॉडेलं आली. मी माझी जुनी मोजणी मात्र पुन्हा केली, वेगळ्या तीस जणांबरोबर. "होते" अगदी थोडे आले, आणि "कंपनी अजून चालू आहे का" हे एकदाही नाही. आता लोक काट्याबद्दल विचारत होते. एकाने तर बॉक्स उघडून कोपऱ्यात वजन ठेवून बघितलं.

सोनेरी खोक्यांचं काय करायचं हा प्रश्न राहिला होता. रद्दीत घालायचे म्हटलं तर मॅडम नको म्हणाल्या. परवा गोदामात गेले तेव्हा ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वरच्या फळीवर रचलेले दिसले. त्यावर काकांच्या अक्षरात चिठ्ठी होती: "अकरा वर्षांनी उघडणे."