दंड कापण्याआधीची नोटीस कुठे आहे?

नोकरी बदलली की जुन्या कंपनीचं सॅलरी अकाउंट तसंच पडून राहतं. माझंही राहिलं होतं. त्यात 1,800 रुपये होते. ऑगस्टमध्ये भावाने त्याच खात्यावर 3,000 रुपये पाठवले आणि ॲपवर शिल्लक दिसली 2,449.44. म्हणजे पैसे येण्याआधी खातं शून्याच्याही खाली, उणे 550.56 वर गेलं होतं.

स्टेटमेंट काढलं तेव्हा उलगडा झाला. पगार जमा होणं थांबल्यावर तीन महिन्यांनी बँकेने खातं साध्या बचत खात्यात बदललं होतं. झीरो बॅलन्सची सवलत गेली आणि महिन्याला सरासरी 10,000 रुपयांची अट लागली. दंड होता तुटीच्या 6 टक्के, जास्तीत जास्त 500 रुपये, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी.

हिशेब सोपा राहावा म्हणून व्याजाचे किरकोळ पैसे सोडून देते. एप्रिलमध्ये महिनाभर 1,800 होते, म्हणजे तूट 8,200. त्याचे 6 टक्के 492, जीएसटी 88.56, एकूण 580.56 मेच्या सुरुवातीला कापले. त्यामुळे मेमध्ये शिल्लकच कमी, तूट आणखी मोठी, दंड थेट 500 च्या मर्यादेला भिडला. जीएसटी धरून 590. जूनचे पुन्हा 590. आता खात्यात 39.44 उरले होते, तरी जुलैचे 590 कापलेच. खात्यात मी एकही व्यवहार केला नव्हता. दंडच तूट वाढवत होता आणि वाढलेल्या तुटीवर पुन्हा दंड बसत होता. चार महिन्यांचे मिळून 2,350.56.

शाखेत गेले तर काउंटरवर नेहमीचं उत्तर मिळालं, "मॅडम, सिस्टिम आपोआप कापते, आमच्या हातात नाही." आतल्या अधिकाऱ्यांनी मात्र नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोन महिन्यांचे परत देतो, वन टाइम म्हणून. इथे सही करा." कागदावर लिहिलं होतं की या रकमेनंतर माझी काही तक्रार राहणार नाही. मी सही केली नाही. अर्धे पैसे मिळतात म्हणून असा कागद सही करून देऊ नये, कारण पुढे कुठेही गेलात तरी तोच समोर येतो.

घरी येऊन नियम वाचला. रिझर्व्ह बँकेचं 20 नोव्हेंबर 2014 चं परिपत्रक आहे, 1 एप्रिल 2015 पासून लागू झालेलं. त्यात म्हटलंय की शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं की एक महिन्याच्या आत ती भरली नाही तर दंड लागेल. तेवढी मुदत देऊनही भरली नाही तरच दंड घेता येतो, तोही खातेदाराला कळवून. दंड तुटीच्या प्रमाणात हवा. आणि फक्त या दंडामुळे खातं उणे होता कामा नये.

हे वाचल्यावर माझ्या तक्रारीचा रोखच बदलला. तोवर मी "दंड जास्त आहे, परत द्या" म्हणत होते. त्याला बँकेकडे तयार उत्तर असतं की दरपत्रक वेबसाइटवर आहे, बघा. दंडाचा दर बँक स्वतः ठरवते, त्यावर वाद घालून फार काही निघत नाही. पण दंडाआधीची नोटीस दाखवा म्हटलं की बँकेला कागद काढावाच लागतो.

पत्र एका पानाचं लिहिलं. चार नोंदी तारीख आणि रकमेसह मांडल्या आणि विचारलं: खातं कोणत्या तारखेला बदललं आणि मला ते कसं कळवलं? प्रत्येक महिन्याच्या तुटीची नोटीस कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर गेली आणि तिचा मजकूर काय होता? शिल्लक 39.44 असताना 590 कोणत्या नियमाने कापले? शेवटी जीएसटीसकट सगळी रक्कम परत मागितली. दोन प्रती नेल्या, एकीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घेतली. तोच मजकूर बँकेच्या तक्रार पोर्टलवर टाकून तक्रार क्रमांक जपून ठेवला. पुढची मुदत इथूनच मोजली जाते, म्हणून तोंडी बोलण्यावर विसंबू नका.

उत्तरात बँकेने लिहिलं की शुल्क दरपत्रकानुसार आहे आणि ग्राहकाला वेळोवेळी एसएमएस पाठवले आहेत. सोबत एसएमएसची यादी जोडली होती. ती मी स्टेटमेंटशेजारी ठेवली आणि सगळं स्पष्ट झालं. चारही मेसेजच्या तारखा पैसे कापल्याच्याच होत्या आणि मजकूर "खात्यातून इतके रुपये वजा झाले" असा होता. बॅलन्स भरा, नाहीतर दंड लागेल, असा एकही मेसेज त्यात नव्हता. तुम्हाला अशी यादी मिळाली तर आधी तारखा आणि मजकूर पाहा. पैसे कापल्याचा मेसेज म्हणजे तुटीची नोटीस नव्हे.

खातं उघडतानाच्या फॉर्मवर, पगार थांबल्यास खातं बदलू शकतं, असं कलम होतं. बँकेने त्याकडे बोट दाखवलं. ते मी मान्यच केलं. खातं बदलायचा अधिकार त्या कलमाने मिळतो, पण तुटीची नोटीस द्यायची जबाबदारी त्याने संपत नाही. मात्र बँकेने वेळेत पाठवलेली खरी नोटीस दाखवली असती, तर उणे शिल्लक सोडून बाकी रकमेवर माझं म्हणणं टिकलं नसतं, हेही सांगते.

यादी आणि स्टेटमेंट दोन्ही जोडून मी बँकेच्या नोडल अधिकाऱ्यांकडे गेले. मेलमध्ये लिहिलं की समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. एकात्मिक लोकपाल योजना नोव्हेंबर 2021 मध्ये सुरू झाली. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, फी लागत नाही. आधीच्या तक्रारीची पोच नसेल तर मात्र अर्ज तिथेच फेटाळला जातो.

मला तिथपर्यंत जावं लागलं नाही. नोडल कार्यालयातून फोन आला. बाईंनी नोटिशीची तारीख विचारली तेव्हा मी म्हटलं, "ताई, तीच तर मी तुमच्याकडे मागतेय." थोड्याच दिवसांत 1,992 रुपये जमा झाले आणि तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला.

पण 1,992 हा फक्त दंड होता. जीएसटीचे 358.56 आलेच नव्हते. शुल्कच रद्द झालं तर त्यावरचा कर ठेवायचा कशाचा? तक्रार पुन्हा उघडायला लावली, तेव्हा तीही रक्कम वेगळ्या नोंदीने आली. रिव्हर्सल आलं की दंडाच्या आणि कराच्या ओळी वेगवेगळ्या जुळवून पाहा, हे शाखेत कोणी आपणहून सांगत नाही.

त्याच आठवड्यात खातं बेसिक सेव्हिंग्ज बँक डिपॉझिट अकाउंटमध्ये बदलायचा अर्ज दिला. त्यात किमान शिलकीची अट नसते. महिन्याला चार वेळा पैसे मोफत काढता येतात आणि मला तेवढं पुरतं. काउंटरवर "त्यापेक्षा दुसरी स्कीम घ्या" म्हणाले. मी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागितला.