तिळगुळाच्या डब्यातली चिठ्ठी

संक्रांतीची भाषांतरं माझ्याकडे नोव्हेंबरातच येतात, कारण परदेशी जाणारी पार्सलं डिसेंबर लागला की निघावी लागतात. त्या वर्षी कोल्हापुरातल्या एका काकूंच्या घरगुती उद्योगाचं काम आलं. तिळाच्या लाडवांचे डबे इंग्लंडला जाणार होते. इथल्या आईवडिलांनी तिकडच्या मुलांसाठी मागवलेले, आणि मुलं ते शेजारी, ऑफिसात वाटणार. डब्यात एक छोटी चिठ्ठी, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी.

मराठी मजकूर नेहमीचाच होता: ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला! मकर संक्रांतीच्या आपणास व आपल्या परिवारास हार्दिक शुभेच्छा. येणारे वर्ष आपणास सुख, समृद्धी, आरोग्य व भरभराटीचे जावो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.’ नव्या लग्नाच्या मुलींसाठी हलव्याच्या दागिन्यांचा वेगळा डबा होता. त्यातल्या चिठ्ठीत शेवटी ‘अखंड सौभाग्यवती भव’.

मी इंग्रजी पाठवलं आणि दोन दिवसांनी सकाळीच काकूंच्या मुलाचा फोन आला. त्यांनी माझं इंग्रजी कुणाकडून तरी परत मराठीत करून घेतलं होतं. “मॅडम, समृद्धी आहे पण भरभराट गळली. ईश्वरचरणी तर कुठेच नाही. आई म्हणते, आशीर्वाद अर्धाच गेला.”

उलट भाषांतराची ही तपासणी औषधाच्या पत्रकाला, करारनाम्याला फार उपयोगी. एखादा आकडा चुकला, ‘नाही’ गळलं, की लगेच सापडतं. शुभेच्छांना मात्र ती उलटीच लागू पडते. जितकं शब्दाला शब्द ठेवून केलेलं, तितकं ते मराठीत छान परत येतं, कारण ते मुळात इंग्रजी झालेलंच नसतं. हे फोनवर पटवण्यात अर्थ नव्हता. मी सरळ त्यांच्या कारखान्यात गेले.

कारखाना म्हणजे घरामागची शेड. चिक्कीच्या गुळाचा पाक शेगडीवर होता, आणि चार बायका तुपाचा हात लावून गरम गरम लाडू वळत होत्या. पाक गार झाला की मिश्रण आळतं आणि लाडू वळत नाही, त्यामुळे काकू हात चालू ठेवूनच बोलल्या. “वाच बाई, तू काय लिहिलंयस ते. आणि आधी सांग, माझं का नाही ठेवलंस?”

मी ‘गोड गोड बोला’पासून सुरुवात केली. ते जसंच्या तसं नेलं तर ‘स्पीक स्वीटली’ होतं. इंग्रजीत ‘स्वीट टॉक’ म्हणजे काम काढून घेण्यासाठी केलेली लाडीगोडी. शिवाय ओळखही नसलेल्या शेजाऱ्याच्या हातात लाडू देऊन ‘नीट बोला’ म्हटलं, तर त्याला वाटेल आपण काहीतरी वाईट बोललो होतो. आपल्याला तसं वाटत नाही, कारण देणारा आणि घेणारा दोघंही तेच म्हणतात. वर्षभरात काही वाकडं झालं असेल तर ते इथे संपलं, एवढाच त्याचा अर्थ.

“मग पुढचं म्हण ना,” एक वळणाऱ्या मावशी म्हणाल्या, “आमचा तिळगूळ सांडू नका, आमच्याशी भांडू नका!”

मावशींनी नेमकं बोट ठेवलं होतं. मी लिहिलेली ओळ वाचून दाखवली: ‘समथिंग स्वीट फ्रॉम अस टू यू, अँड ओन्ली काइंड वर्ड्स बिट्वीन अस.’ म्हणजे आमच्याकडून थोडं गोड, आणि आपल्या दोघांत फक्त मायेचे शब्द. ‘बिट्वीन अस’मुळे आज्ञा जाते आणि दोन्ही बाजूंचं बोलणं येतं. मावशींना इंग्रजी येत नव्हतं, पण अर्थ सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “हां, भांडू नका आलं त्यात.”

‘हार्दिक’चं ‘हार्टी’ करायचं नाही, कारण तो शब्द भरपेट जेवणाला किंवा मोकळ्या हसण्याला लावतात. तिथे ‘वॉर्म’ हवा. खरी अडचण सुख-समृद्धी-आरोग्य-भरभराट या माळेची होती. मराठीत एकापुढे एक शब्द आले की नाद तयार होतो, आणि तो नादच आशीर्वादाचं वजन असतो. इंग्रजीत चार नामं ओळीने आली की ती यादी वाटते, आणि समृद्धी-भरभराट तर दोन्ही ‘प्रॉस्पेरिटी’वरच जाऊन बसतात. तिथे दोन शब्दांची जोडी भरते: ‘विशिंग यू अँड युवर फॅमिली अ हेल्दी, हॅपी यिअर.’ ‘मे’ने सुरू होणारं वाक्य चालतं, पण एखादंच. सगळे ‘जावो, लाभो, मिळो’ त्यात कोंबले तर ते चर्चमधल्या प्रार्थनेसारखं ऐकू येतं.

“आणि देव?” काकूंनी विचारलं.

मी म्हटलं, शेवटी ‘विथ अवर प्रेअर्स’ घालू. ‘ईश्वरचरणी’तले चरण इंग्रजी वाचणाऱ्याला खरेखुरे पाय दिसतात, पण प्रार्थना पोचते. काकूंनी मान हलवली. तेवढं त्यांना हवंच होतं, आणि त्यांच्या नावाने जाणाऱ्या चिठ्ठीत ते असायलाच हवं होतं.

मग दुसरी चिठ्ठी. ‘अखंड सौभाग्यवती भव’ पूर्ण उलगडलं तर ‘तू कधी विधवा होऊ नयेस’ असं निघतं. सणाच्या दिवशी डबा उघडल्यावर पहिल्यांदा मरणच डोळ्यांपुढे येईल. काहीजण ‘एव्हर फॉर्च्युनेट’ लिहितात. त्यात नवरा राहत नाही, लॉटरी लागल्यासारखं वाटतं. मी लिहिलं होतं, ‘मे यू बोथ हॅव अ लाँग अँड हॅपी लाइफ टुगेदर.’ एकटीला दिलेला आशीर्वाद मी दोघांना वाटून दिला होता, आणि याबद्दल काकूंना विचारल्याशिवाय मला तो छापायला द्यायचा नव्हता.

काकूंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांनी हातातला लाडू ताटात ठेवला. “दोघांचं आयुष्य म्हणजे त्याचंही आलं की,” त्या म्हणाल्या. “आमच्या वेळी त्याच्या आयुष्याचा भार बाईच्याच कपाळावर. हे बरं आहे. हेच ठेव.”

मुलाचं मात्र अजून समाधान नव्हतं. मी त्याला सांगितलं, उलट भाषांतर नको. मराठी अजिबात न येणाऱ्या, इंग्रजीच घरात बोलणाऱ्या माणसाला एक शब्दशः केलेला आणि एक माझा, असे दोन्ही मसुदे वाचून दाखव आणि एवढंच विचार, हे कुणी लिहिलंय असं वाटतं? त्याने लंडनच्या एका गिऱ्हाइकाला फोन लावला, त्या गिऱ्हाइकाने आपल्या ऑफिसातल्या सहकाऱ्याला विचारलं. शब्दशः मसुद्यावर उत्तर आलं, “एखाद्या बँकेनं.” माझ्यावर, “कुणाच्या तरी आजीनं.” मुलाने फोन ठेवला आणि दुसरा मसुदा छापखान्याला पाठवला.

एक भर मात्र मी त्याच दिवशी घातली. ब्रिटनमध्ये ज्या 14 ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती द्यावी लागते त्यांत तीळ आहे. डब्यावर ते छापलेलं असतंच, पण शेजाऱ्याच्या हातात डबा नाही, एक लाडू आणि चिठ्ठी पडते. म्हणून पहिलीच ओळ झाली: ‘तिळगूळ, अवर सेसमी अँड जॅगरी स्वीट फॉर संक्रांती.’ तिळगूळ हे नावही त्यामुळे राहिलं.

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना जाणाऱ्या डब्यांसाठी मी वेगळी चिठ्ठी केली. तिथल्या इंग्रजीत ‘प्रॉस्पेरिटी’ आणि ‘ऑस्पिशस’ रोजचे शब्द आहेत, ते काढले तर वाचणाऱ्याला शुभेच्छा उणी वाटते. काकूंची भरभराट त्या चिठ्ठीत जशीच्या तशी गेली.