सेवापुरवठादाराच्या कार्यालयातील ऑडिट: नोटिशीपासून अहवालापर्यंत

ग्राहकांच्या अर्जांची नोंदणी आणि पडताळणी हे काम आमच्या संस्थेने एका बाहेरच्या सेवापुरवठादाराकडे सोपवलेले आहे. त्याचे कर्मचारी त्याच्या कार्यालयात बसतात, परंतु काम आमच्या संगणक प्रणालीत, आम्ही दिलेल्या युजर आयडीवर करतात. करारातील ऑडिटच्या कलमाचा आधार घेऊन आम्ही तेथे जाऊन आलो. अशा ऑडिटला पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल तेवढे तपशिलाने लिहीत आहे.

तयारीचा पहिला भाग म्हणजे करार पूर्ण वाचणे. केवळ ऑडिटचे कलम वाचून भागत नाही; व्याख्या, उपकंत्राटाचे कलम, परिशिष्टे आणि नंतर झालेल्या दुरुस्त्याही सोबत ठेवाव्या लागतात. आमच्या कलमानुसार १५ कामकाजाच्या दिवसांची लेखी नोटीस आवश्यक होती, वर्षातून एकदा आणि गंभीर कारण असल्यास त्याव्यतिरिक्तही भेट देता येत होती, आणि सेवेशी संबंधित ज्या नोंदी पुरवठादाराच्या ‘ताब्यात किंवा नियंत्रणात’ आहेत त्यांची पाहणी करून प्रती घेण्याचा अधिकार होता. त्याच्या इतर ग्राहकांची माहिती आणि त्याचा अंतर्गत खर्च मात्र कक्षेबाहेर होता. भेट केवळ ‘पुरवठादाराच्या जागेत’ देता येईल, असेही तेथे म्हटले होते. या मर्यादेचा परिणाम पुढे जाणवला.

प्रती घेण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला नसेल, तर पुरवठादार कागद पडद्यावर दाखवतो आणि तेवढ्यावरच थांबतो. असे झाल्यास प्रत्येक नोंदीचा क्रमांक, ती कोणत्या प्रणालीतून व कोणत्या निकषांवर काढली, कोणी दाखवली आणि किती वाजता, हे तेथेच लिहून पुरवठादाराच्या प्रतिनिधीची त्यावर सही घ्यावी. प्रतीची उणीव त्याने पूर्ण भरून निघत नाही, परंतु अहवालाच्या वेळी तथ्यावरून वाद होण्याचा धोका कमी होतो.

पुरवठादाराने नोटिशीच्या उत्तरात एसओसी-२ टाइप-२ अहवाल, म्हणजे त्याच्या सुरक्षा नियंत्रणांवर बाहेरच्या लेखापरीक्षकाने दिलेला अहवाल, पाठवला आणि हा स्वतंत्र अहवाल असताना प्रत्यक्ष भेटीची गरज काय, असे नम्रपणे विचारले. हा प्रश्न बहुतेक ठिकाणी येतो आणि त्याचे उत्तर त्या अहवालातच शोधावे लागते. टाइप-२ अहवालात ठरावीक कालावधीत नियंत्रणे प्रत्यक्ष चालली की नाही हे तपासलेले असते, त्यामुळे त्याचे मोल नक्कीच आहे. आम्ही इमारतीतील प्रवेश, बॅकअप आणि पुरवठादाराच्या स्वतःच्या नेटवर्कची सुरक्षा हे विषय त्यावर विसंबून कार्यक्षेत्रातून वगळले. मात्र त्याच अहवालात ग्राहक संस्थेने स्वतः सांभाळावयाच्या नियंत्रणांची यादी असते आणि ती फार थोडे लोक वाचतात. त्या यादीत लिहिले होते की, ग्राहकाच्या प्रणालीतील युजर आयडी वेळेवर बंद करणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे. म्हणजे ज्या आयडीवर आमच्या ग्राहकांची माहिती उघडते, त्यांची तपासणी त्या अहवालात झालेलीच नव्हती. कार्यक्षेत्र त्यामुळे नेमके झाले: नोकरी सोडलेल्यांचे आयडी केव्हा बंद होतात आणि सध्या आमच्या प्रणालीत नेमके कोण काम करते.

पुढे जाणाऱ्यांना माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला असा की, निघण्यापूर्वी आपल्या बाजूची माहिती आपण स्वतः काढून घ्यावी. पुरवठादाराने दिलेल्या यादीतून नमुना निवडला, तर यादीत नसलेली व्यक्ती नमुन्यात कधीच येणार नाही. मग २५ नमुने तपासा किंवा १०० तपासा. आम्ही आमच्या प्रणालीतून एका ठरावीक दिवसाची चालू आयडींची यादी आणि मागील ६ महिन्यांची लॉगिन नोंद आयपी पत्त्यांसह काढली. त्याच दिवसाची कर्मचाऱ्यांची यादी आणि त्याच ६ महिन्यांत सोडून गेलेल्यांची यादी पुरवठादाराकडे मागितली. आपल्याकडे काय आधीच काढलेले आहे, याचा नोटिशीत उल्लेख करण्याची गरज नसते.

आमच्या प्रणालीत पुरवठादाराचे २०३ चालू आयडी होते. त्याच्या यादीत १८६ कर्मचारी कामावर होते आणि ४१ जण सोडून गेलेले होते. आकड्यांतला १७ चा फरक पाहून थांबणे धोक्याचे असते, कारण दोन उलट चुका एकमेकींना झाकू शकतात. कर्मचारी क्रमांकानुसार एकेक नाव जुळवले, तेव्हा १८६ जणांचे आयडी नीट जुळले, ११ आयडी सोडून गेलेल्यांचे निघाले आणि ६ आयडी दोन्ही याद्यांपैकी कोणत्याही यादीत नव्हते.

भेटीच्या सुरुवातीच्या बैठकीत आम्ही हे निष्कर्ष मांडले नाहीत. आधी मनुष्यबळ विभागात बसून दोन्ही याद्या आमच्या समोर पुन्हा काढायला सांगितल्या आणि कोणते फिल्टर लावले आहेत ते नोंदवले. कायम कर्मचाऱ्यांपुरता फिल्टर लागलेला असेल, तर प्रशिक्षणार्थी आणि हंगामी माणसे यादीतून गळतात. येथे तसे नव्हते. मागील महिन्याच्या पगारपत्रकाशीही यादी जुळली, म्हणून ती पूर्ण आहे असे आम्ही धरले आणि ते सहा आयडी पुरवठादाराच्या कर्मचाऱ्यांचे नाहीत, हे तेव्हाच जवळजवळ निश्चित झाले.

सोडून गेलेले ४१ जणच असल्याने नमुना न घेता सर्वांची तपासणी केली. करारानुसार पुरवठादाराने कर्मचाऱ्याच्या शेवटच्या दिवशी कळवायचे आणि आम्ही त्यानंतर २४ तासांत आयडी बंद करायचा. १८ आयडी वेळेत बंद झाले होते, १२ उशिरा आणि ११ अजून चालूच होते. चुकलेल्या या २३ प्रकरणांत प्रत्येकाच्या मेलची तारीख आणि आयडी बंद झाल्याची वेळ शेजारी शेजारी मांडली, तेव्हा १५ प्रकरणांत पुरवठादाराने उशिरा कळवले होते किंवा कळवलेच नव्हते, आणि ८ प्रकरणांत त्याचा मेल वेळेत आलेला असूनही आमच्या बाजूने काम झाले नव्हते.

दोन्हींची कारणे वेगळी होती आणि ती शोधण्यात आमचा बराच वेळ गेला. तो तसा जाणेच योग्य होते. पुरवठादाराचा मनुष्यबळ विभाग आम्हाला मेल पाठवत असे तो अंतिम हिशेब पूर्ण झाल्यावर, आणि हिशेब शेवटच्या दिवसानंतर बऱ्याच काळाने होतो. जे न सांगता कामावर येणे बंद करतात त्यांचा हिशेब सुरूच होत नाही, म्हणून त्यांच्याबद्दलचा मेल कधीच निघत नाही; न कळवलेली सर्व प्रकरणे याच प्रकारची होती. आमच्याकडे हे मेल एका अधिकाऱ्याच्या वैयक्तिक पत्त्यावर येत आणि तो रजेवर असताना ते कोणी पाहत नसे.

चालू राहिलेल्या ११ पैकी २ आयडींवर कर्मचारी सोडून गेल्यानंतरही लॉगिन झालेले होते. आयपी पत्ता पुरवठादाराच्या कार्यालयाचाच होता, म्हणजे बाहेरून कोणी शिरलेले नव्हते. जागेवर आलेली नवी व्यक्ती स्वतःचा आयडी मिळेपर्यंत जुना वापरत होती, असे पर्यवेक्षकाने मान्य केले. उघडलेले अर्ज त्या दिवशी वाटून दिलेल्या कामाशी जुळले आणि माहिती बाहेर काढण्याची सोय त्या आयडींना नव्हती. तरीही अहवालात आम्ही ‘माहिती बाहेर गेली नाही’ असे लिहिले नाही. ‘उपलब्ध नोंदींत तसे आढळले नाही’ एवढेच लिहिले, कारण पडद्याचा फोटो काढला असेल तर तो कोणत्याही नोंदीत दिसत नाही.

सहा अनोळखी आयडींची लॉगिन महिनाअखेरीस, संध्याकाळी आणि एका वेगळ्या आयपी मालिकेवरून झालेली होती. आम्ही त्या सहा जणांची नियुक्तिपत्रे मागितली. प्रथम ‘ती आमचीच माणसे आहेत’ असे उत्तर मिळाले, नंतर दुसऱ्याच एका संस्थेची ओळखपत्रे पुढे आली. वाढीव काम पुरवठादार तिकडे देत होता आणि करारात आवश्यक असलेली आमची लेखी संमती त्याने घेतलेली नव्हती. त्या संस्थेच्या जागेत जाण्याची मागणी पुरवठादाराने नाकारली. कलमाच्या शब्दांनुसार त्याचे म्हणणे बरोबर होते, म्हणून आम्ही तेथे ओढाताण केली नाही. परंतु उपकंत्राटाच्या कागदपत्रांवर आणि त्या सहा जणांच्या हजेरीवर त्याचे नियंत्रण होते, आणि नियंत्रणातील नोंदी कलमात येत होत्या. त्या लेखी मागितल्यावर त्याला द्याव्या लागल्या. ते सहा आयडी आम्ही त्याच दिवशी आमच्या बाजूने स्थगित करून घेतले, कारण त्यासाठी पुरवठादाराच्या परवानगीची गरज नव्हती.

समारोपाच्या बैठकीत केवळ तथ्ये मांडावीत. गांभीर्याची श्रेणी आणि शिफारसी यांची चर्चा तेथे सुरू झाली, तर तथ्यांवर सहमती होण्याचे राहून जाते. आम्ही आयडीनिहाय तक्ता समोर ठेवला आणि प्रत्येक ओळीवर ‘मान्य’ किंवा ‘हरकत व तिचा पुरावा’ असे लिहून घेतले. नंतरचा मसुदा पुरवठादाराला तथ्यांच्या अचूकतेपुरता, १० कामकाजाच्या दिवसांच्या मुदतीने पाठवला. त्याने शब्दरचना सौम्य करण्याची विनंती केली. ती आम्ही स्वीकारली नाही. मात्र त्याचे म्हणणे व्यवस्थापनाचा प्रतिसाद म्हणून जसेच्या तसे छापले.

अहवाल दोन केले. पुरवठादाराला गेलेल्या अहवालात त्याची १५ प्रकरणे, सामायिक आयडी आणि विनासंमती उपकंत्राट हे निष्कर्ष होते, प्रत्येकाखाली कराराचे कलम, आढळलेली स्थिती, कारण, परिणाम आणि दुरुस्तीची मुदत. आमच्या व्यवस्थापनाला गेलेल्या अहवालात आमच्याकडील ८ प्रकरणेही त्याच गांभीर्याने घेतली, कारण पुरवठादाराने सर्व काही सुधारले असते तरी ते ८ आयडी चालूच राहिले असते. उपकंत्राटदाराच्या जागेची पाहणी झाली नाही आणि तेथील सुरक्षेबद्दल कोणतेही मत दिलेले नाही, हे दोन्ही अहवालांत पहिल्याच पानावर लिहिले. अशी मर्यादा शेवटच्या परिशिष्टात गेली, तर वाचणारा तेथेही सर्व तपासले गेले असे गृहीत धरतो.

दुरुस्ती पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणून पुरवठादाराने नव्या कार्यपद्धतीचे परिपत्रक पाठवले. परिपत्रकावर निष्कर्ष बंद करू नये. आम्ही पुढील तीन महिने दर महिन्याला दोन्ही याद्या पुन्हा जुळवल्या आणि न सांगता गेलेल्या कर्मचाऱ्यांचे आयडी गैरहजेरीच्या तिसऱ्या दिवशी स्थगित होतात हे प्रत्यक्ष नोंदींतून पाहिल्यावरच तो मुद्दा मिटवला. उपकंत्राटाचा मुद्दा करार दुरुस्त होईपर्यंत उघडा ठेवला आहे. दुरुस्तीच्या मसुद्यात पुरवठादाराने नेमलेल्या प्रत्येक उपकंत्राटदाराकडून आमच्यासाठी हाच ऑडिटचा अधिकार लेखी मिळवावा, ‘सेवेचे काम जेथे चालते ती प्रत्येक जागा’ पाहणीच्या कक्षेत यावी आणि करार संपल्यानंतरही ठरावीक काळ नोंदी पाहता याव्यात, अशा तीन तरतुदी घातल्या आहेत.